हातोडा कुठे पडला?

13 मार्च 2020, शुक्रवार. बाजार उघडला आणि काही मिनिटांतच निफ्टी 10 टक्क्यांहून जास्त कोसळून व्यवहार 45 मिनिटांसाठी थांबवले गेले. पडद्यावर आकडा गोठला होता. त्या दिवसाचा नीचांक 8,555 च्या आसपासचा. व्यवहार पुन्हा सुरू झाले तशी खरेदी आली आणि थांबेचना. दुपारपर्यंत निर्देशांक आदल्या दिवसाच्या बंद भावाच्या वर निघून गेला, एकदा 10,159 ला शिवला आणि 9,955 वर बंद झाला. तळापासून 1,400 अंश, तेही एका दिवसात.

तीनच्या सुमारास आमच्या ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. निवृत्तीनंतर चार्ट बघायला शिकलेले, वहीत रोजच्या नोंदी ठेवणारे. "अरे, केवढी लांब शेपटी आहे बघ! एवढा मोठा हॅमर मी जन्मात पाहिला नाही. तळ झाला म्हणायचा."

तळ झालेला नव्हता. सोमवारी निफ्टी 9,197 वर बंद झाला, म्हणजे साडेसात टक्क्यांहून जास्त खाली. बुधवारी तो शुक्रवारच्या नीचांकाच्याही खाली गेला. त्याच महिन्यात, बारा दिवसांनी, 25 तारखेला, आणखी एक कॅन्डल तयार झाली. ती बुलिश एनगल्फिंग होती आणि त्यानंतर 24 मार्चचा तळ पुन्हा दिसला नाही. दोन्ही वेळा चार्टवर तेजीची खूण होती, दोन्ही वेळा भीती टोकाची होती. मग फरक कशात होता, हे नीट उलगडून पाहण्यासारखे आहे. कॅन्डलच्या पुस्तकांत आकृत्या भरपूर असतात, पण ती आकृती ज्या जागी उमटते त्या जागेबद्दल दोन ओळींपलीकडे सहसा काही नसते.

आधी आकृत्या. दिवसाची कॅन्डल चार भावांनी बनते: उघडला किती, सर्वांत वर कुठे गेला, सर्वांत खाली कुठे गेला, बंद किती झाला. उघडल्या आणि बंद झालेल्या भावांमधला जाड भाग म्हणजे बॉडी. बंद भाव वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. बॉडीच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे त्या दिवशी भाव जाऊन परत आलेली जागा. घसरणीनंतर लहान बॉडी वरच्या टोकाला, खाली तिच्या निदान दुप्पट लांब शेपटी आणि वर जवळजवळ काहीच नाही, अशी कॅन्डल आली की तिला हॅमर म्हणतात. जपानी व्यापारी तिला ज्या शब्दाने ओळखतात तो 'ताकुरी', पाण्यात तळ चाचपून खोली अजमावण्यासारखा त्याचा अर्थ. एनगल्फिंगला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी लाल बॉडी, दुसऱ्या दिवशी तिच्या खाली उघडून तिच्या वर बंद होणारी हिरवी बॉडी. दुसरी पहिलीला पूर्ण पोटात घेते.

ही पद्धत जपानच्या तांदूळ बाजारांच्या परंपरेतून आली आणि 1991 साली स्टीव्ह निसन यांच्या पुस्तकाने ती इंग्रजी वाचणाऱ्या जगात पसरली. त्या परंपरेतच एक गोष्ट उघडपणे सांगितलेली आहे. हॅमरची हुबेहूब आकृती जर मोठ्या तेजीनंतर शिखरावर आली, तर तिचे नाव बदलते. तिला हँगिंग मॅन म्हणतात आणि ती मंदीची सूचना मानतात. आकृतीत रेघेचाही फरक नाही, अर्थ मात्र उलटा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनाच जागेचे महत्त्व ठाऊक होते. पुढे आकृत्यांचे तक्ते छापले गेले आणि जागा गळून पडली.

आकृतीवर फार विसंबू नये याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते मला जास्त पटते. समजा एक शेअर पहिल्या दिवशी 100 ला उघडून 95 ला बंद झाला, नीचांक 94. दुसऱ्या दिवशी तो 94.50 ला उघडला, 93 पर्यंत गेला आणि 101 ला बंद झाला. हे चोख एनगल्फिंग आहे. आता हेच दोन दिवस मिळून एक कॅन्डल काढा: 100 ला उघडला, 93 पर्यंत गेला, 101 ला बंद झाला. बॉडी एक रुपयाची, शेपटी सात रुपयांची. म्हणजे हॅमर. व्यवहार तेच, माणसे तीच, पैसा तोच. आपण काळ कुठे कापला एवढाच फरक. भाव खाली गेला, तिथे टिकला नाही आणि जिथून पडायला लागला होता तिथे परत आला, एवढीच घटना दोन्ही आकृत्या सांगतात. मग हॅमर भारी की एनगल्फिंग, या वादात हशील नाही. प्रश्न असा विचारायचा की भाव ज्या जागेवरून परत फिरला, तिथे परत फिरण्यासारखे काही होते का? आणि परत फिरून तो पोहोचला कुठे?

काकांच्या फोनकडे परत येऊ. 13 मार्चची कॅन्डल मोजमापाने हॅमर नव्हती. दिवस 9,108 च्या आसपास उघडला होता, त्यामुळे बॉडी जवळजवळ 850 अंशांची आणि शेपटी साडेपाचशेची. पण काकांच्या डोळ्यांना हॅमर दिसला तो उगाच नाही. 12 आणि 13 मार्च एकत्र धरा. 12 तारखेला निफ्टी सुमारे 10,040 वर उघडला, 13 च्या सकाळी 8,555 पर्यंत गेला आणि 9,955 वर बंद झाला. बॉडी जेमतेम 85 अंशांची, खालची शेपटी 1,400 अंशांची, वर सव्वाशेच्या आत. आकृती म्हणून पुस्तकात छापावी अशी.

आता तिची जागा बघू. त्यासाठी मागे जावे लागते. मार्च 2018 मध्ये निफ्टी घसरत 9,952 पर्यंत आला आणि तिथून फिरला. ऑक्टोबर 2018 मध्ये पुन्हा मोठी घसरण झाली. या वेळी 10,005 च्या आसपास थांबला आणि फिरला. म्हणजे साधारण 9,950 ते 10,000 या पट्ट्यात दोनदा खरेदीदार पुढे आले होते. यालाच सपोर्ट म्हणतात. ती रेघ नसते, पट्टा असतो, आणि त्यात जादू काही नसते. त्या भावात घेतलेल्यांना फायदा झालेला असतो, म्हणून ते पुन्हा घ्यायला तयार असतात. ज्यांची संधी हुकली ते 'परत आला तर सोडणार नाही' म्हणून थांबलेले असतात. आणि आधी शॉर्ट केलेले तिथे आपला सौदा कापून नफा घेतात, म्हणजे तेही खरेदीच करतात. तीन प्रकारच्या लोकांची खरेदी एका जागी येते, म्हणून भाव अडतो.

12 मार्च 2020 रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी, हा दोन वर्षांचा पट्टा फुटला. निफ्टी 9,590 वर बंद झाला. फुटलेल्या सपोर्टमागची माणसे आठवा. 10,000 ला भरवशाने घेतलेले सगळे एका दिवसात तोट्यात गेले. अशा माणसाच्या मनात एकच हिशेब असतो: माझा भाव परत येऊ दे, मी मोकळा होतो. त्यामुळे जिथे खरेदी उभी होती तिथेच आता विक्री उभी राहते. कालची जमीन आज छत होते.

13 मार्चची ती अफाट तेजी नेमकी या छताला जाऊन भिडली. दिवसभरात 10,159 पर्यंत डोके वर काढले, पण टिकले नाही. बंद भाव 9,955, जुन्या पट्ट्याच्या खालच्या काठावर. खाली 8,555 ला भाव का फिरला, याला चार्टवर कारण सापडत नव्हते. त्या पातळीला अलीकडच्या काळातला कुठलाही मोठा तळ नव्हता. व्यवहार थांबले, तेवढ्या वेळात परदेशी बाजारांची हवा बदलली आणि शॉर्टवाल्यांची धावपळ झाली. म्हणजे ही शेपटी सपोर्टवर उमटलेली नव्हतीच. सपोर्ट तिच्या डोक्यावर होता आणि तोही तुटलेला.

आठवड्याची कॅन्डल पाहिली असती तरी हे कळले असते. आदल्या शुक्रवारी निफ्टी 10,989 वर बंद झाला होता. त्या आठवड्याची कॅन्डल लांब शेपटीची होती खरी, पण होती लालच, हजार अंशांहून जास्त घसरणीची. दिवसाच्या चार्टवर विजय वाटणारी गोष्ट आठवड्याच्या चार्टवर फक्त थोडा कमी झालेला पराभव होती. आणि विकणारे थकले होते असे म्हणायला काहीच आधार नव्हता. त्या एका मार्च महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरांत 60 हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ विक्री केली. एवढा प्रवाह एका दिवसाच्या शेपटीने वळत नाही.

त्यानंतरचे दहा दिवस अनेकांना आठवत असतील. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात 1,135 अंश, म्हणजे जवळजवळ 13 टक्के पडून 7,610 वर बंद झाला. 24 तारखेला त्याने 7,511 चा नवा नीचांक केला, पण दिवस 7,801 वर संपला. त्या दिवसाची कॅन्डल अगदी गबाळी होती: बॉडी पन्नास अंशांचीही नाही, खाली 290 ची शेपटी, वर जवळजवळ 190 ची. वरची शेपटी एवढी मोठी असल्याने हॅमर म्हणून ती कुठल्याच तक्त्यात बसली नसती. संपूर्ण घसरणीचा खरा तळ त्या कॅन्डलमध्ये होता.

त्याच रात्री आठ वाजता देशभरात टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी, 25 मार्चला, गुढीपाडवा होता. बाजार सुरू होता. निफ्टी 7,735 च्या आसपास, आदल्या दिवसाच्या बॉडीच्या खाली उघडला आणि 8,318 वर बंद झाला. 7,848 ते 7,801 ची ती लहानशी लाल बॉडी हिरव्या बॉडीने सहज गिळली. बुलिश एनगल्फिंग. पण आकृतीचा कडक परीक्षक इथेही नाक मुरडेल: पहिली बॉडी एवढी लहान असेल तर तिला गिळण्यात विशेष काय? आकृतीपुरते बोलायचे तर त्याचे म्हणणे बरोबर आहे.

जागा मात्र वेगळी होती. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, निफ्टी 7,894 पर्यंत उतरून फिरला होता. तिथून जानेवारी 2020 पर्यंतची सारी चढण झाली. म्हणजे 7,900 च्या आसपासचा पट्टा हा तीन वर्षांच्या तेजीचा पाया होता. 23 आणि 24 मार्चला निफ्टी या पायाच्या खाली बंद झाला. सपोर्ट तुटला असेच दिसत होते. 25 तारखेच्या कॅन्डलने भाव पट्ट्याच्या खालून उचलून चारशे अंश वर नेऊन बंद केला. 13 मार्चला भाव तुटलेल्या जमिनीला खालून जाऊन टेकला होता. 25 ला तो तुटलेली जमीन ओलांडून वर उभा राहिला. माझ्या मते या दोन कॅन्डलमधला सगळा फरक यात आहे. पट्ट्याखाली शॉर्ट केलेले आता अडकले, आणि सुटण्यासाठी त्यांना खरेदीच करावी लागणार होती.

भोवतालही बदलला होता. 23 तारखेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मर्यादा न घालता रोखे खरेदी करण्याचे जाहीर केले. 24 च्या रात्री डाऊ जोन्स 11 टक्क्यांहून जास्त वर गेला. 1933 नंतरची ती त्याची सर्वांत मोठी टक्केवारीतली दैनिक वाढ. आणि आपल्याकडे संपूर्ण देश बंद होण्याची बातमी येऊनही भाव पडला नाही. वाईट बातमीवर न पडणारा बाजार मी कुठल्याही शेपटीपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतो, कारण विकायचे होते त्यांनी विकून झाले असल्याची ती खूण असू शकते.

"असू शकते" एवढेच. 25 मार्चला संध्याकाळी कोणालाही खात्री नव्हती. आणि मागे वळून निवडलेल्या दोन दिवसांनी काही सिद्ध होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मार्शल, यंग आणि रोझ या अभ्यासकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात डाऊ जोन्समधल्या शेअरांवर 1992 ते 2002 या काळात कॅन्डलच्या नियमांची चाचणी घेतली. नुसत्या या आकृत्यांवर सौदे करून फायदा होतो असे त्यांना आढळले नाही. जागा बघून निवडलेल्या कॅन्डल प्रत्येक वेळी चालतील असा दावा म्हणूनच मी करणार नाही. जागा बघण्याचा पक्का उपयोग दुसराच आहे: आपले म्हणणे कुठे चुकले ते ती आधीच सांगते.

25 मार्चचा सौदा कागदावर मांडून पाहू. बंद भाव 8,318. म्हणणे असे की 7,894 चा पट्टा परत मिळाला आहे. मग भाव 7,511 च्या, म्हणजे 24 च्या नीचांकाच्या खाली गेला तर हे म्हणणे खोटे, स्टॉपलॉस तिथे. अंतर साधारण 807 अंश, जवळजवळ दहा टक्के. समजा खात्यात पाच लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 5,000 रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत. निर्देशांकाच्या शंभराव्या भागाइतक्या किमतीचा ईटीएफ घेतला तर एका युनिटला 83 रुपये आणि जोखीम आठ रुपये. म्हणजे 600 युनिट, सुमारे 50 हजार रुपये. पाच लाखांतले पन्नास हजार! कॅन्डल जितकी मोठी आणि देखणी, तितका स्टॉपलॉस लांब आणि तितका सौदा लहान घ्यावा लागतो. उत्साहात याच्या उलट होते: हिरवी कॅन्डल मोठी दिसली की माणूस जास्त घेतो, आणि मग नेहमीची घसरण झाली तरी स्टॉपलॉसपर्यंत थांबण्याची त्याची ताकद उरत नाही.

13 मार्चच्या सौद्यात हेच मांडायला बसलो की हात थांबतो. बंद भाव 9,955, शेपटीचे टोक 8,555. अंतर 14 टक्के. आणि वर विक्रीचा पट्टा कुठे सुरू होतो? लगेच, डोक्याला लागूनच. खाली 1,400 अंशांची जोखीम आणि वर मोकळी जागा नाही. कॅन्डलचे नावही माहीत नसलेल्या माणसाला हे गणित कळते. हा स्टॉपलॉस 18 मार्चला, म्हणजे व्यवहाराच्या तिसऱ्याच दिवशी लागला.

रोजच्या चार्टमध्ये अशा टोकाच्या गोष्टी नसतात, पण दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, वरचेवर तपासला जाणारा सपोर्ट भक्कम समजण्याची. एखादा शेअर महिन्याभरात पाचव्यांदा 240 ला आला आणि हॅमर दिसला की 'पाच वेळा टिकलाय' म्हणून लोक घेतात. पण दर खेपेला 240 ला थांबलेल्या खरेदीदारांपैकी काहींची खरेदी होऊन जाते. रांग लहान होत असते. 240 वरून दर वेळची उसळी आधीपेक्षा कमी पडत असेल, आधी 265, मग 256, मग 249, तर पाचव्या हॅमरवर माझा भरवसा सर्वांत कमी असतो.

दुसरी चूक, शेपटीत किती व्यवहार झाले ते न बघण्याची. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये सकाळी एकाच माणसाने घाईने बाजारभावाला हजार शेअर विकले, खाली घेणारे विरळ होते, भाव आठ रुपये पडला आणि मिनिटात परत आला. दिवसअखेर चार्टवर सुरेख हॅमर उभा. पाच मिनिटांचा चार्ट उघडला तर त्या लांब शेपटीत एकच कॅन्डल असते. तिथे तेजी-मंदीवाल्यांची झटापट झालेलीच नसते. याउलट भाव तास-दीड तास सपोर्टच्या खाली रेंगाळला, तिथे भरपूर शेअर हात बदलले आणि मग वर येऊन बंद झाला, तर त्या शेपटीत खरोखर कोणीतरी विकून अडकले आहे आणि कोणीतरी घेऊन बसले आहे. दोन्ही हॅमर दिवसाच्या चार्टवर तंतोतंत सारखे दिसतात.

25 मार्चनंतरही बाजार सरळ वर गेला नाही. दोन दिवसांत 8,660 वर बंद झालेला निफ्टी पुन्हा घसरू लागला आणि 3 एप्रिलला 8,056 पर्यंत खाली आला. एनगल्फिंगने दिलेला बराचसा फायदा पुसला गेला होता. काकांचा त्या संध्याकाळी फोन आला, आवाज पडलेला. "हीपण फसली म्हणायची का रे?"

मी त्यांना 7,894 आडवी रेघ मारायला सांगितली. निफ्टी 8,084 वर बंद झाला होता, पट्ट्याच्या वर.

"मारली," ते म्हणाले. "अजून वरच आहे."

सोमवारी महावीर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी, 7 एप्रिलला, निफ्टी 8,792 वर बंद झाला.